निबंध सगळे सारखेच, मग निवड कशावर करायची?

‘आमच्या गावातल्या एका न्यासातर्फे दरवर्षी बारावीनंतर पुढे शिकणाऱ्या पंचवीस मुलांना शिष्यवृत्ती दिली जाते. निवड समितीत आम्ही तिघं आहोत. शंभरपैकी चाळीस गुण निबंधाला असतात. विषय ठरलेला: माझ्या आयुष्यातील आव्हान आणि त्यातून मी काय शिकलो. यंदा १४० अर्ज आले आणि वाचताना एकच मूल पुन्हा पुन्हा लिहितंय असं वाटायला लागलं. चॅटजीपीटीचा हात फिरलाय हे दिसतंच. आमच्या खजिनदारांनी सगळे निबंध एका वेबसाइटवर तपासले. ज्यांच्यापुढे साठ टक्क्यांहून जास्त आकडा आला ते ५२ अर्ज बाद करावेत असं त्यांचं म्हणणं. “वाडीवरच्या शाळेतली मुलं असं लिहूच शकत नाहीत,” असंही ते म्हणाले. त्या ५२ मध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिच्या वह्या मी चार वर्षं तपासल्यात, ती असंच लिहिते. यादी पंधरा दिवसांत लावायची आहे. काय करावं? निबंध बंदच करावा का?’

— एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

बाई, नमस्कार.

वेळ थोडा आहे म्हणून आधी तातडीचं सांगते. त्या वेबसाइटनं दाखवलेल्या आकड्यावरून एकही अर्ज बाद करू नका. पंचवीसपैकी एखादी जागा चुकीच्या मुलाला गेली तर न्यासाचे काही हजार रुपये चुकीच्या जागी जातील. पण खरं लिहिणाऱ्या मुलीवर ‘फसवलंस’ असा शिक्का बसला, तर तो पुसायला तिच्याकडे काहीही साधन नसतं. आपण स्वतः लिहिलं हे ती सिद्ध करणार तरी कसं?

ही साधनं नक्की काय मोजतात ते खजिनदारांना शांतपणे समजावून सांगा. बहुतेकांची मूळ कल्पना एकच असते. वाक्यातला पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे हे ती पाहतात. शब्द फार अपेक्षित असतील, वाक्यं एका लांबीची असतील, तर ‘हे यंत्राचं’ असं म्हणतात. आता विचार करा, असं लेखन आणखी कोण करतं? ज्याच्याजवळ त्या भाषेतले शब्द मोजके आहेत तो. शाळेत घोकलेल्या नमुन्याबरहुकूम, जपून जपून लिहिणारी मुलगी. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे टोफेल परीक्षेसाठीचे ९१ निबंध त्यांनी सात साधनांना दिले. निबंध माणसांनीच लिहिलेले होते. तरी सरासरी निम्म्याहून जास्त, सुमारे ६१ टक्के निबंधांना या साधनांनी यंत्राचे ठरवलं. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. संशोधकांनी तेच ९१ निबंध चॅटजीपीटीकडून शब्दसंपत्ती वाढवून घेतले आणि पुन्हा तपासले, तेव्हा चुकीचा शिक्का बसण्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्याही खाली आलं. म्हणजे जिनं यंत्राची मदत घेतली नाही ती अडकते आणि जिनं घेतली ती सुटते. तुमच्याकडचे जे निबंध इंग्रजीत आले असतील, त्यांना हे थेट लागू पडतं. मराठी निबंधांबाबत तर आणखी सावध राहायला हवं, कारण ही साधनं मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडवलेली आणि तपासलेली असतात.

खजिनदार हिशेबाचे माणूस, म्हणून त्यांना हिशेबही दाखवा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र काढलं होतं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ते यंत्राच्या शंभर मजकुरांपैकी २६ पकडत होतं आणि माणसाच्या शंभरातल्या नऊंवर चुकीचा शिक्का मारत होतं. समजा, तुमच्या १४० पैकी ८० मुलांनी स्वतः लिहिलं आणि ६० जणांनी लिहवून घेतलं. या दरानं साठांपैकी सोळा सापडतील आणि चव्वेचाळीस सुखरूप निघून जातील. ऐंशींपैकी सात जण विनाकारण अडकतील. पकडलेल्या तेविसांपैकी सात निर्दोष, म्हणजे जवळजवळ तिघांत एक. कमी अचूकतेचं कारण देऊन कंपनीनं जुलै २०२३ मध्ये ते यंत्र मागे घेतलं. त्यानंतर आलेली साधनं आपली चूक शंभरात एकाहून कमी असल्याचा दावा करतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या कंपनीचं असंच साधन बंद केलं, तेव्हा हाच दावा खरा धरून हिशेब मांडला होता. आदल्या वर्षी त्यांच्याकडे तपासायला आलेले लेख होते ७५ हजार. शंभरात एक म्हटलं तरी साडेसातशे लेखांवर खोटा आळ.

पण हे आकडे उद्या सुधारले तरीही माझं मत बदलणार नाही. कारण तुमच्यापुढचा खरा प्रश्न ‘माणूस की यंत्र’ असा नाहीच. बहुतेक मुलांनी आधी स्वतः काहीतरी लिहिलेलं असतं आणि मग ते ‘नीट करून’ घेतलेलं असतं. कुणी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतो, कुणी मराठीतलं इंग्रजीत करून घेतो, कुणी चार ओळी देऊन पाचशे शब्द मागतो. हे सगळं एका टक्केवारीत कसं मावेल?

वाडीवरच्या शाळेबद्दलचं वाक्य मला वाचतानाच लागलं, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते. शहरातल्या कॉलेजचा, इंग्रजी माध्यमाचा मुलगा सफाईदार लिहितो तेव्हा आपण त्याला हुशार म्हणतो आणि वाडीवरची मुलगी तसंच लिहिते तेव्हा संशयित म्हणतो. हा निकष निबंध वाचण्याआधीच ठरलेला असतो. शिवाय निबंध आधी निर्मळ होते आणि आता बिघडले असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या साठ हजार अर्जांतल्या निबंधांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ज चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीचे, २०१६ मधले. निबंधात काय लिहिलंय याचा घरच्या उत्पन्नाशी असलेला संबंध सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतल्या गुणांच्या उत्पन्नाशी असलेल्या संबंधापेक्षाही घट्ट निघाला. पैसेवाल्यांच्या मुलांना निबंध नीट करून देणारे काका, क्लास आणि सल्लागार पूर्वीपासून होतेच. आता तशी मदत मोबाइलवर फुकट मिळते, एवढाच फरक. तेव्हा नुसत्या सफाईबद्दल मुलांना शिक्षा करू नका. यंदाच्या तुमच्या अर्जात मदतीबद्दल काही नियम छापला नव्हता, असं मी धरून चालते. मग अर्ज आल्यावर नियम करून त्यानं मुलं बाद करणं न्यायाला धरून होणार नाही.

तरी तुम्हाला वाचताना जे जाणवलं ते खरं आहे आणि ते सोडून देऊ नका. त्या सफाईत काहीतरी हरवतं. काय हरवतं ते आमच्याकडे आलेल्या एका अर्जावरून सांगते. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चिपळूणच्या एका मुलाचा अर्ज होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात त्याच्या वडिलांचं किराणा दुकान बुडालं. निबंधात असं होतं: ‘निसर्गाच्या प्रकोपाने एका रात्रीत आमचे सर्वस्व हिरावून घेतले. परंतु संकटे माणसाला केवळ मोडत नाहीत, तर घडवतात. या अनुभवाने मला जिद्द, संयम आणि कुटुंबाच्या एकजुटीचे महत्त्व शिकवले.’ शुद्धलेखनाची एक चूक नाही. त्याच गठ्ठ्यात असे आणखी कितीतरी निबंध होते, फक्त पुराच्या जागी कुठे आजारपण, कुठे लॉकडाउन.

आम्ही त्याला फोन केला. ‘तू लिहिलंस का?’ असं विचारलंच नाही. विचारलं, पाणी ओसरल्यावर दुकानातून सगळ्यात आधी काय बाहेर काढलंत? तो म्हणाला, उधारीची वही. पानं एकमेकांना चिकटली होती. खेडला मामाच्या पडवीत एकेक पान सुटं करून वाळवलं. बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं वाचता येत होतं, शाईच्या पेनाचं धुऊन गेलं होतं. मग आईनं आठवून आठवून नावं सांगितली आणि यानं नव्या वहीत तीन रकाने पाडले: वहीत दिसणारी रक्कम, आईला आठवणारी रक्कम आणि गिऱ्हाइकानं स्वतः येऊन सांगितलेली रक्कम. काही जण आलेच नाहीत. पण जे आले त्यांनी सांगितलेला आकडा, जिथे वहीतला वाचता येत होता तिथे, बहुतेक वेळा जुळला. वडिलांनी ठरवलं, गिऱ्हाईक सांगेल ती रक्कम धरायची. मुलाला ते पटलं नव्हतं आणि त्यावरून घरात वाद झाला होता. मुलाला पुढे संख्याशास्त्र घ्यायचं होतं. अर्जातल्या त्या निवडीला आता कुठे अर्थ आला.

हे निबंधात का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘आधी थोडं लिहिलं होतं. नीट करून घेतल्यावर ते राहिलं नाही. आणि विषय आव्हानाचा होता, उधारीचं काय लिहायचं?’

त्याच्या उत्तरातली दोन्ही कारणं नीट पाहा. पहिलं कारण यंत्राच्या स्वभावाचं आहे. ‘हे चांगलं करून दे’ असं सांगितलं की ते मजकूर सर्वसाधारण वळणाकडे ओढतं. संकट, जिद्द, शिकवण हे ते वळण. उधारीची वही, पडवी, बापाशी वाद हे त्या वळणात बसत नाही, म्हणून गळतं. दुसरं कारण मात्र आपलं, समितीचं आहे. ‘आव्हान आणि त्यातून मी काय शिकलो’ या विषयातच तो साचा तयार आहे. मूल स्वतः लिहायला बसलं तरी त्यात काय भरायचं ते आपणच सांगून ठेवलेलं असतं. एकच मूल लिहितंय असं तुम्हाला वाटलं, त्याला यंत्राइतकाच तुमचा विषयही कारण आहे.

आता यंदाचं काम. निबंधाचे चाळीस गुण तसेच ठेवा, पण ते वाक्यांना देऊ नका. प्रत्येक निबंध वाचताना पेन्सिलीनं फक्त अशी वाक्यं अधोरेखित करा, जी दुसऱ्या अर्जदाराच्या नावावर घातली तर खोटी ठरतील. ‘मी खचलो नाही’ हे वाक्य कुणाच्याही नावावर चालतं. ‘वडिलांनी गिऱ्हाईक सांगेल ती रक्कम धरली’ हे चालत नाही. वाक्य सुंदर आहे की ओबडधोबड, इकडे पाहूच नका. गुळगुळीत निबंधात अशी वाक्यं भरपूर सापडली तर तो निबंध चांगला, मग कुणाचाही हात फिरलेला असो. चुकांनी भरलेल्या, अस्सल वाटणाऱ्या निबंधात एकही सापडलं नाही, तर त्यातूनही तुम्हाला काही कळलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सध्या उलटी चूक होऊ लागली आहे. वाचणारे कच्चं लेखन म्हणजे प्रामाणिक लेखन असं धरतात, आणि ते कळलं की मुलं चुकाही मुद्दाम पेरतात.

तिघांनी हे वाचन वेगवेगळं करा, आकडे एकमेकांना दाखवू नका आणि प्रत्येकानं गठ्ठा वेगळ्या क्रमानं लावा. शंभरावा निबंध वाचताना आपण थकलेले असतो. तो फटका नेहमी त्याच मुलांना बसू नये.

मग अधोरेखित मजकूर बाकीच्या कागदांशी ताडून पाहा: उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, शाळेचं शिफारसपत्र. कारण यंत्राला तपशील मागितले तर ते तपशीलही रचून देतं. रचलेले तपशील बहुधा त्या जागेचे नसतात, महाराष्ट्राबद्दल सर्वसाधारण जे लिहिलं जातं त्यातले असतात. तुमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या मुलाच्या निबंधात ‘भेगाळलेली जमीन आणि वर्षानुवर्षांचा दुष्काळ’ आला तर मी थांबेन. कोकणातल्या वाडीवर पाण्याचा त्रास असतोच, पण तो एप्रिल-मेमध्ये आटणाऱ्या विहिरीचा आणि टँकरच्या वाटेचा. तरीही त्यावरून निकाल लावणार नाही. त्या घराची जमीन माण तालुक्यातही असू शकते. तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढेन आणि फोनवर विचारेन.

फोन हाच खरा आधार आहे. गुणपत्रक, आर्थिक परिस्थिती आणि निबंध मिळून वरचे पंचेचाळीस अर्ज काढा आणि त्या सगळ्यांना फोन करा. फक्त संशय असलेल्यांना करू नका, नाहीतर ती चौकशी होते आणि मुलांना आवाजावरून ते लगेच कळतं. प्रत्येकी बारा मिनिटं धरली तर पंचेचाळीस फोनांना नऊ तास लागतात. एका फोनवर दोघं बसायचं आणि तिघांनी आळीपाळीनं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा तास. तीन संध्याकाळी पुरतील. वेळ आधी कळवा, म्हणजे ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे त्याची अडचण होणार नाही.

निबंधात जे आहे ते पुन्हा सांगायला लावू नका, ते पाठ करता येतं. त्याच्या आजूबाजूचं विचारा. त्या दिवशी घरात आणखी कोण होतं? आधी काय केलं, मग काय? खर्च किती आला आणि कुणी दिला? कुणाला तुझं पटलं नव्हतं? जो त्या प्रसंगात होता तो आकडा विसरतो, क्रम चुकवतो, मध्येच ‘नाही नाही, ते नंतर झालं’ म्हणतो, पण कुठल्याही बाजूनं विचारलं तरी आत शिरू शकतो. ज्याच्याजवळ फक्त निबंध आहे तो पुन्हा निबंधातल्याच वाक्यांवर येतो. हे सहसा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला दिसतं.

याला मर्यादा आहेत आणि त्या समितीत आधीच बोलून घ्या. बोलण्यातही सगळी मुलं सारखी नसतात. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला मुलगा फोनवर खुलतो, लाजरी मुलगी एका शब्दात उत्तरं देते, त्यात मागे वडील उभे असले तर विचारूच नका. म्हणून बोलण्याच्या ओघाला गुण नाहीत, कळलेल्या गोष्टीला आहेत. ती घरी ज्या बोलीत बोलते त्याच बोलीत बोलू द्या. आणि कुणी मृत्यू, मारहाण किंवा आजाराबद्दल लिहिलं असेल, तर त्या प्रसंगात खोदू नका. त्यानंतर घर कसं चालतं, कुठलं काम कुणाकडे आलं, एवढ्यावरून पुरेसं कळतं.

निबंध बंद करण्याच्या मी विरोधात आहे. तो गेला की उरतात गुणपत्रक आणि दाखला, आणि उधारीच्या वहीसारखी गोष्ट दोन्हीत कुठेच येत नाही. पण त्याचं स्वरूप बदला. मोठ्या संस्थांनाही आपापल्या परीनं वाट काढावी लागली आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०२४ मध्ये निबंधाला आकडी गुण देणं थांबवलं. निबंध ते वाचतात, पण लेखनकौशल्याचं माप म्हणून नाही. ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या यूकॅस या संस्थेकडून जाणाऱ्या अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका लांबलचक निवेदनाच्या जागी तीन प्रश्न आले आहेत. तो बदल मुख्यतः ज्यांना मार्गदर्शन मिळत नाही अशा मुलांना सोपं जावं म्हणून झाला, पण तुमच्या अडचणीलाही तो उपयोगी आहे. प्रश्न जितका नेमका, तितकी साच्याला जागा कमी.

मी असते तर पाचशे शब्दांऐवजी दीडदीडशे शब्दांची तीन उत्तरं मागितली असती. एक, गेल्या वर्षभरात अभ्यासाशिवाय नेमानं केलेलं एखादं काम: कुठल्या वेळी, कुणासाठी, आणि एक दिवस चुकलं तर काय अडतं. दुसरं, ही शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पहिल्या सत्रात नक्की कुठे अडेल, फी, खोली, एसटीचा पास यांच्या आकड्यांसह. तिसरं, निवडलेल्या अभ्यासक्रमातली अशी एखादी गोष्ट जी स्वतःहून समजून घ्यायचा प्रयत्न केला, आणि गाडी कुठे अडली. यातल्या प्रत्येक उत्तराचा एक तरी धागा दाखल्याशी, शाळेशी किंवा फोनशी जोडता येतो. यंत्राकडून लिहवून घ्यायचं तरी आधी मुलाला हे तपशील स्वतःच द्यावे लागतात, आणि तुम्हाला तेच हवे आहेत.

पुढच्या वर्षी अर्जावर नियम मात्र स्पष्ट छापा. ‘एआयचा गैरवापर करू नये’ असं मोघम लिहू नका, प्रामाणिक मुलं घाबरतात आणि बाकीची दुर्लक्ष करतात. ठिकठिकाणचे नियम किती वेगळे आहेत हे मुलांनाही सांगायला हवं, कारण तुमच्याकडून पुढे गेलेली काही परदेशी अर्ज करतील. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांचा सामाईक अर्ज घेणाऱ्या कॉमन ॲपनं ऑगस्ट २०२३ पासून, यंत्रानं तयार केलेला मजकूर आपला म्हणून देणं फसवणुकीच्या व्याख्येत घातलं आहे. ब्राउन विद्यापीठ शुद्धलेखन आणि व्याकरणापलीकडे काही चालवून घेत नाही. कॅलटेकनं तर दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या निबंधाचं यंत्राकडून भाषांतर करून घेणंही अयोग्य वापरात धरलं होतं. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना हा शेवटचा नियम सहज अडकवू शकतो. म्हणून जिथे अर्ज करायचा तिथला त्या वर्षीचा नियम आधी वाचायला सांगा.

तुमच्या न्यासाला इतकं कडक व्हायचं कारण नाही. अर्ज मराठीत चालेल असं ठळक छापा, म्हणजे भाषांतराचा प्रश्नच निघतो. त्याखाली एवढं पुरे: ‘शुद्धलेखन आणि व्याकरण कुणाकडूनही, मोबाइलवरूनही, तपासून घेतलं तरी चालेल. प्रसंग, आकडे आणि मतं तुमचीच असावीत. पहिल्या यादीत आल्यास त्यांच्याबद्दल फोनवर विचारलं जाईल. कुणाची मदत घेतली ते लिहा. त्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत.’ शेवटचं वाक्य खरोखर पाळा. एकदा जरी गुण कापले गेले, तरी पुढच्या वर्षी तो रकाना प्रत्येक अर्जात कोरा येईल.

खजिनदारांशी आणखी एक बोलायचं आहे, आणि ते या आठवड्यातच. १४० मुलांचे निबंध त्यांनी एका वेबसाइटवर चढवले. त्यात घरची कर्जं, आजार, कदाचित नावं आणि गावंही आहेत, आणि बारावीतली बरीच मुलं अठराच्या आतली असतात. परवानगी कुणाचीच घेतलेली नसावी. त्या साइटवर मजकूर किती दिवस राहतो आणि पुसून टाकायची सोय आहे का ते बघायला सांगा, असेल तर पुसून घ्या. पुढे कुठलाही अर्ज असा बाहेर जाणार नाही हे इतिवृत्तात लिहून ठेवा. त्या ५२ नावांची यादी तिसऱ्या सदस्याच्या हाती पडण्याआधी बाजूला काढा. ती एकदा पाहिली की वाचताना मनातून जात नाही.

आणि तुमची विद्यार्थिनी. तिच्याबद्दल तुम्ही जे सांगता ते मला पटतं, आणि हे साधन भरवशाचं नाही हे खजिनदारांना दाखवायला तिचं उदाहरण उपयोगी पडेल. पण तिला तुम्ही चार वर्षं शिकवलं आहे, म्हणून तिच्या अर्जाला गुण देण्यातून तुम्ही बाहेर राहायला हवं. बैठकीच्या सुरुवातीलाच तसं सांगा, तिचा निबंध बाकीच्या दोघांना वाचू द्या आणि तिचा फोनही त्यांनाच करू द्या. तिच्या जुन्या वह्या कुणाला दाखवायची गरज नाही. बाकी चव्वेचाळीस जणांना जे प्रश्न विचारले जातील तेच तिलाही विचारले जावेत.